बाटली आडवी झाली, मग पुढे?

वर्धा जिल्ह्यात सत्तरच्या दशकापासून आणि गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती १ एप्रिल २०१५ ला आली आणि २७ मे २०२१ च्या मंत्रिमंडळाच्या निर्णयाने उठली. एकाच राज्यातल्या शेजारशेजारच्या जिल्ह्यांनी बंदी आलेली, टिकलेली आणि गेलेली, असं सगळं पाहिलं आहे. त्यामुळे बंदीने नेमकं काय होतं हे तपासायला विदर्भाचा हा कोपरा सोयीचा आहे. खालच्या संवादातल्या ‘ताई’ आणि ‘साहेब’ या दोन भूमिका आहेत. ताई गडचिरोलीच्या गावांत महिला गटांबरोबर काम करणाऱ्या, तर साहेब राज्य उत्पादन शुल्क विभागातून निवृत्त झालेले निरीक्षक.

साहेब : ताई, तुमच्या चळवळीबद्दल मला आदर आहे, हे आधीच सांगतो. पण तीस वर्षं मी धाडी घातल्या. बंदी असलेल्या जिल्ह्यात मला दारू मिळाली नाही असा एक दिवस आठवत नाही. मग बंदी कशाला म्हणायचं?

ताई : दारू मिळते हे मी कुठे नाकारते? पण गावच्या चौकात परवान्याचं दुकान असणं वेगळं आणि जंगलाच्या कडेला जाऊन, कोणी पाहत नाही ना हे बघत, जास्त पैसे मोजून घेणं वेगळं. तुम्ही विचारता, मिळते की नाही. मी विचारते, किती जणांना, किती सहज आणि कितीला मिळते.

साहेब : ठीक. पण मुळात जिल्ह्याजिल्ह्याची बंदी येते कुठून, ते वाचकांना सांगा. सरकार काही झोपेतून उठून बंदी घालत नाही.

ताई : नाहीच. उलट सरकारला ती नकोच असते, कारण महसूल बुडतो. संविधानाच्या ४७ व्या कलमात दारूबंदीचा उल्लेख आहे, पण ते मार्गदर्शक तत्त्व. आणि दारूचा विषय राज्यांच्या यादीत. म्हणून गुजरातेत एक, गोव्यात दुसरंच. बंदी येते ती बहुतेक वेळा बायकांच्या रेट्याने. आंध्रात नेल्लोरच्या दुबागुंटा गावातून १९९२ च्या सुमारास बायका अरकच्या विरोधात उठल्या आणि १९९५ मध्ये राज्यभर बंदी आली. चंद्रपुरात बायका चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनावर चालत गेल्या. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने आणि गावोगावच्या लोकांनी मिळून हा प्रश्न लावून धरला. मजुरीचे पैसे घरी येण्याआधी गुत्त्यात जातात आणि त्यानंतर घरी मार येतो. बाईच्या दृष्टीने हिशेब एवढा सरळ आहे.

साहेब : आणि आंध्रातली बंदी १९९७ ला उठली. हरियाणाने १९९६ ला आणली, १९९८ ला उठवली. चंद्रपूर सहा वर्षं टिकलं. यावरून काही शिकायचं की नाही?

ताई : शिकायचं, पण काय ते आधी ठरवू. चंद्रपूरची बंदी उठवताना सरकारने कोणतं कारण पुढे केलं?

साहेब : अवैध दारू वाढली. बंदीच्या आधीच्या पाच वर्षांत दारूचे गुन्हे सोळा हजारांच्या आसपास, बंदीनंतरच्या काळात चाळीस हजारांच्या वर. त्यात बायका आणि अल्पवयीन मुलंही ओढली गेली. हे आकडे सरकारचेच आहेत.

ताई : आता तुमच्याच खात्याचा अनुभव वापरा. मार्च २०१५ मध्ये चंद्रपूरच्या एका दुकानात शंभर पव्वे विकले गेले, तर गुन्हे किती?

साहेब : परवाना असेल तर एकही नाही.

ताई : आणि मे २०१५ मध्ये त्याच शंभरांपैकी चाळीसच पव्वे विकले गेले, चोरून, आणि तुम्ही त्यातले दहा पकडलेत?

साहेब : कलम ६५ (ई) खाली गुन्हे दाखल. आणखी काही कलमं.

ताई : म्हणजे दारू शंभरावरून चाळीसवर आली, आणि गुन्हे शून्यावरून वर गेले. आकडा पोलिसांच्या कामाचा आहे, पिण्याचा नाही. गुन्हे वाढले म्हणून पिणं वाढलं, असं म्हणताच येत नाही.

साहेब : मान्य. पण ही पट्टी तुम्हालाही लागू. गुन्हे कमी झाले तर बंदी यशस्वी, असंही तुम्हाला म्हणता येणार नाही. पोलिसांनी हात आखडता घेतला तरी गुन्हे कमीच दिसतात. आणि दुसरी गोष्ट : पिणं कमी झालं असं धरलं तरी त्या चाळीस हजार गुन्ह्यांतला प्रत्येक जण कोर्टाच्या पायऱ्या चढतो. ती किंमत तुमच्या हिशेबात कुठेच नाही.

ताई : ती येईल, थांबा. आधी पिणं मोजायचं कसं ते पाहू. घरोघर जाऊन विचारलं तर बंदीच्या प्रदेशात माणूस खोटं बोलतो. ‘मी पितो’ म्हणणं म्हणजे गुन्ह्याची कबुलीच.

साहेब : म्हणूनच मी त्या सर्वेक्षणांवर विश्वास ठेवत नाही. बिहारचंच घ्या. २०१६ च्या एप्रिलपासून तिथे पूर्ण बंदी. तरी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत तिथले १५ वर्षांवरचे साडेपंधरा टक्के पुरुष दारू पितो म्हणाले. महाराष्ट्रात, जिथे बहुतेक ठिकाणी दुकानं उघडी आहेत, हा आकडा १३.९ होता. बंदीचं राज्य जास्त पितं, बिनबंदीचं कमी. झालं की मग!

ताई : झालं नाही. तुम्ही दोन राज्यांची पातळी बघताय. एकाच राज्याचा आधी आणि नंतर बघा. बंदीच्या आधी, २०१५ च्या चौथ्या फेरीत, बिहारमधले सुमारे २९ टक्के पुरुष पीत होते. ते साडेपंधरावर आले.

साहेब : मग पुरतं बघा. चौथ्या फेरीत देशाचा आकडाही २९ च्या आसपास होता. पाचव्या फेरीत देश १८.८ वर आला. महाराष्ट्र वीसवरून चौदावर. कुठेही नवी बंदी न घालता. दोन फेऱ्यांच्या पत्रकांत वयोगटही बदलला आहे, आधी १५ ते ४९ आणि नंतर १५ च्या पुढचे सगळे. म्हणजे बिहारच्या घसरणीचा मोठा वाटा बंदीचा नाहीच.

ताई : मोठा नाही, पण वाटा आहे. देश आणि बिहार जवळजवळ एकाच ठिकाणाहून निघाले. देश सुमारे दहा अंकांनी उतरला, बिहार तेराने. वयोगट दोन्हीकडे सारखाच बदलला. उरलेला तीनेक अंकांचा फरक, ढोबळमानाने, बंदीकडे बोट दाखवतो. ‘लॅन्सेट’च्या आग्नेय आशियाच्या नियतकालिकात २०२४ मध्ये आलेल्या अभ्यासाने हेच काम नीट केलं. बिहारची तुलना शेजारच्या राज्यांशी केली आणि बंदीमुळे पुरुषांनी रोज किंवा दर आठवड्याला पिण्याची सुमारे २४ लाख प्रकरणं टळली असा अंदाज काढला.

साहेब : पुन्हा पुरुषांच्याच तोंडी उत्तरावर!

ताई : फक्त त्यावर नाही, हाच माझा मुद्दा. या सर्वेक्षणात बायकांना वेगळं बसवून विचारतात : नवरा मारतो का, पितो का. बाईला खोटं बोलायचं कारण नवऱ्याइतकं नसतं. त्याच अभ्यासाच्या अंदाजाने जोडीदाराकडून होणाऱ्या हिंसेची सुमारे २१ लाख प्रकरणं टळली. पुरुष नुसतेच लपवायला लागले असते आणि पिणं तेवढंच राहिलं असतं, तर घरातली मारहाण का कमी झाली असती?

साहेब : हं. हे उत्तर ठीक आहे. मी एवढं मानतो की बंदीने पिणं काही प्रमाणात घटतं. अमेरिकेतही १९२० च्या बंदीनंतर तेच झालं होतं. तिथल्या अर्थशास्त्रज्ञांनी यकृताच्या रोगाने झालेले मृत्यू, दारू पिऊन पकडलेले लोक असल्या आडमार्गाच्या खुणांवरून अंदाज काढला. सुरुवातीला पिणं आधीच्या तीस टक्क्यांवर आलं. पण पुढच्या काही वर्षांत ते साठ-सत्तर टक्क्यांवर चढलं. का चढलं, ते मी तुम्हाला सांगू शकतो. पुरवठा शिकतो.

ताई : शिकतो म्हणजे?

साहेब : पहिलं वर्षभर लोक गोंधळलेले असतात. मग वाटा ठरतात. तुमच्या गडचिरोलीचंच बघा. शहरातून निघून वैनगंगेचा पूल ओलांडला की चंद्रपूर जिल्ह्यातलं व्याहाड. चंद्रपुरात दुकानं उघडी होती तोवर तुमच्या बंदीची लांबी एका पुलाएवढी होती. २०१५ मध्ये चंद्रपूरही बंद झालं, तेव्हा वाट लांबली. मग चंद्रपूरच्या लोकांनी वर्धा नदी ओलांडून यवतमाळातलं वणी गाठलं. दक्षिणेला तेलंगणा, पूर्वेला छत्तीसगड. बंदीचा जिल्हा हे चारी बाजूंनी ओल्या जमिनीने वेढलेलं बेट असतं.

ताई : वाट लांबली म्हणजे दर वाढला. दर वाढला म्हणजे रोज पिणारा मजूर आठवड्यातून तीन दिवसांवर आला. माझ्या दृष्टीने तो विजयच आहे.

साहेब : थांबा, लांब वाटेचा दुसरा परिणाम ऐका. देशीची पेटी म्हणजे १८० मिलीच्या ४८ बाटल्या, साडेआठ लिटरच्या वर. देशीत अल्कोहोल ४२.८ टक्के. म्हणजे एका पेटीत शुद्ध अल्कोहोल ३.७ लिटर. बिअरची पेटी म्हणजे ६५० मिलीच्या १२ बाटल्या, ७.८ लिटर. कडक बिअर आठ टक्क्यांची धरली तरी शुद्ध अल्कोहोल ६०० मिलीच्या थोडं वर. मोटरसायकलवर जागा तेवढीच, पकडलं गेल्यावर शिक्षा तीच. सांगा, तस्कर काय नेईल?

ताई : सहापट कडक माल.

साहेब : म्हणून बंदीत आधी बिअर गायब होते. उरते ती देशी आणि विदेशी. पुढच्या पायरीवर तीही महाग पडते आणि हातभट्टी येते. मोहफुलं मार्च-एप्रिलात वेचून ठेवलेली असतात. ड्रममध्ये ती, गूळ आणि नवसागर घालून काही दिवस ठेवलं की सडवा तयार. खाली जाळ, वर नळी, थंड पाण्यातून काढली की पहिल्या धारेची. आम्ही धाड घालायचो, ड्रम उलटायचो, शेकडो लिटर सडवा मातीत जायचा. पेपरात फोटो यायचा. आणि आठवडा-दीड आठवड्यात त्याच ओढ्याकाठी दुसरा ड्रम. नुकसान फुलांचं आणि गुळाचं, बाकी काही नाही. कारण भांडवलच एवढंसं लागतं.

ताई : लोक मोहाच्या दारूला उगाच घाबरतात. गावात वर्षानुवर्षं लोक ती काढत आले. माणसं मरतात ती मोहाने नाही.

साहेब : बरोबर, आणि हा गैरसमज फार आहे. मोठी विषारी दारूकांडं होतात ती कारखान्यातल्या मिथेनॉलमुळे. २०२२ च्या जुलैत गुजरातेत बोटाद भागात चाळीसहून जास्त माणसं गेली. तिथे कोणी दारू काढलीच नव्हती. अहमदाबादच्या एका रसायनाच्या कंपनीतून सुमारे ६०० लिटर मिथेनॉल बाहेर पडलं, त्यात पाणी मिसळलं आणि पिशव्यांत भरून विकलं. पोलिसांच्या तपासात हेच निघालं. मिथेनॉल शरीरात गेल्यावर त्याचं फॉर्मिक आम्ल होतं. ते डोळ्यांच्या नसेवर आणि मेंदूवर बसतं. लक्षणं दिसायला बारा ते चोवीस तास लागू शकतात, म्हणून माणूस रात्री पितो, बरा झोपतो आणि दुसऱ्या दिवशी ‘धुकं दिसतंय’ म्हणतो. धूसर दिसणं, उलट्या, धाप, ही खूण. तेव्हा घरी ताक पाजत बसायचं नाही, दवाखाना गाठायचा. उतारा आहे, डायलिसिसही आहे, पण तास महत्त्वाचे.

ताई : आणि बंदीच्या राज्यात माणूस दवाखान्यात जायला घाबरतो, कारण तिथे पोलीस.

साहेब : हे तुम्ही म्हणालात, बरं झालं. बंदीचा हा तोटा आकड्यांत दिसत नाही.

ताई : पण मग मालवणी? २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत शंभरावर माणसं गेली. मुंबईत बंदी नव्हती. २०२४ मध्ये तमिळनाडूत कळ्ळकुरिचीला साठहून जास्त गेली. तिथे तर सरकार स्वतः दुकानं चालवतं.

साहेब : खरं आहे. त्यामुळे विषारी दारूचा दोष एकट्या बंदीवर टाकता येत नाही. तिथे कारण असतं दराची उतरंड. दुकानातली सगळ्यांत स्वस्त बाटली ज्याला परवडत नाही, तो पिशवी घेतो. बंदीने उतरंडीच्या वरच्या सगळ्या पायऱ्या काढून टाकल्या जातात, कर वाढवून काही पायऱ्या. दोन्हीत तळाशी तोच गरीब माणूस सापडतो. सरकार दारू महाग करतं तेव्हाही हे ध्यानात ठेवायला हवं.

ताई : मग तळाचा पुरवठा तोडायचा कसा? तुमच्या धाडीने होत नाही, हे तुम्हीच म्हणालात. आमच्या अनुभवात ते गावाने होतं. २०१६ पासून गडचिरोलीत ‘मुक्तिपथ’ चालतंय. सरकार, सर्च आणि टाटा ट्रस्ट यांनी मिळून सुरू केलं. त्यात पोलिसांइतकंच गावातल्या बायकांचं काम आहे. विकणाऱ्याला आधी समज, मग ग्रामसभेत ठराव, मग सडवा सांडणं, आणि व्यसनी माणसाला उपचारासाठी क्लिनिक. पेसा कायद्याने आदिवासी भागातल्या ग्रामसभेला दारूवर बंदी किंवा नियंत्रण घालायचा अधिकारच दिला आहे. तुमचा निरीक्षक महिन्यातून एकदा येतो. शेजारीण रोज असते.

साहेब : तिथे मी तुमच्या बाजूने आहे. मी पाहिलेल्या गावांपैकी जिथे दारू खरंच थांबली, तिथे ती गावाने थांबवली होती. पण गावाने ठरवलेली बंदी आणि मंत्रालयाने जिल्ह्यावर टाकलेली बंदी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गावाला नको असेल तर जिल्ह्याची बंदी म्हणजे फक्त हप्त्याचा नवा स्रोत.

ताई : म्हणून गावाचं मत घ्यायची सोय नीट हवी. आपल्याकडची ‘उभी बाटली, आडवी बाटली’ बघा. दुकान बंद करायचं तर आधी एक चतुर्थांश महिला मतदारांनी सह्या करून मागणी करायची. मग मतदान. आणि बाटली आडवी व्हायला एकूण नोंदलेल्या महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मतं हवीत, आलेल्यांपैकी नव्हे.

साहेब : फरक मोठा पडतो?

ताई : समजा गावात ८०० महिला मतदार. पाचशे जणी आल्या आणि ३९० जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला. आलेल्यांपैकी ७८ टक्के बायका बंदीच्या बाजूने. तरी दुकान चालूच राहतं, कारण ४०१ लागतात. शेतावर गेलेली, माहेरी असलेली, नवऱ्याने घरात बसवलेली प्रत्येक बाई आपोआप उभ्या बाटलीला मत देते. आमदार असे निवडले तर विधानसभा रिकामी राहील.

साहेब : हा नियम बदलायला माझी हरकत नाही. पण आता माझ्या राहिलेल्या हिशेबाकडे या. बिहारमध्ये अटका इतक्या झाल्या की कोर्टं तुंबली. सर्वोच्च न्यायालयाच्या तेव्हाच्या सरन्यायाधीशांनी तो कायदा दूरदृष्टी नसलेल्या कायद्याचा नमुना म्हणून सांगितला. शेवटी २०२२ मध्ये सरकारला कायदा सैल करावा लागला. पहिल्यांदा पिताना सापडलेल्याला दोन ते पाच हजार दंडावर सोडायचं ठरलं. ज्या बाईसाठी कायदा केला, तिचाच कमावता नवरा तुरुंगात आणि वकिलाची फी तिच्या डोक्यावर, हे मी पाहिलेलं आहे.

ताई : पिणाऱ्याला तुरुंगात टाकायला मी कधीच म्हटलं नाही. पिणाऱ्याला उपचार, विकणाऱ्याला शिक्षा. हे वेगळं ठेवता येतं.

साहेब : कागदावर येतं. ठाण्यात गुन्ह्यांचं उद्दिष्ट असलं की सापडतो तो शेवटचा माणूस, ट्रकचा मालक नाही.

ताई : मग उद्दिष्ट बदला. गुन्हे मोजू नका. प्रत्येक तालुक्यातल्या बायकांना दर वर्षी विचारा : दुकान किती लांब, दर किती, या महिन्यात घरी पैसे किती आले, मार पडला का. चंद्रपूरला बंदी उठवण्याआधी हे विचारलं असतं, तर मी निर्णय मान्य केला असता, विरुद्ध गेला तरी.

साहेब : आणि त्याच यादीत माझे दोन प्रश्न घाला. किती जण दारूच्या गुन्ह्यात आत गेले, आणि त्यांच्यातले किती विकणारे होते. उत्तरात पिणारेच जास्त निघाले, तर मी म्हणेन बंदी उठवा.

ताई : आणि मी म्हणेन, पोलीस बदला.